बारा ओळींची जागा

लांबी वीस टक्के वाढवली आणि रुंदी वीस टक्के कमी केली की फिट्टंफाट, असं जो कोणी म्हणतो त्याच्या हातात मी कात्री आणि कागद देते. वाद घालत बसत नाही. एकोणीस वर्षं छापखान्यात पानं लावतेय, म्हणजे लोकांनी लिहून आणलेल्या मजकुराची पुस्तकाची पानं करतेय, आणि तेवढ्या वर्षांत मला एवढं कळलंय की शहाण्या माणसाला तोंडाने सांगून काही पटत नाही. त्याच्या हातून कागद कापून घ्यावा लागतो.

ते पुस्तक रुग्णालयाचं होतं. रुग्णालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याचा इतिहास छापायचा होता. दोनशे पानं, सलग मजकूर, चित्रं नाहीत, एक प्रकरण संपलं की त्याच पानावर खाली दुसरं सुरू. शेवटी रुग्णालयात काम करून निवृत्त झालेल्या सगळ्यांची नावं होती. आधी डॉक्टर, मग परिचारिका, मग औषधवाले, स्वयंपाकघर, पहारेकरी. सगळ्यात शेवटी धुलाईखाना. धुलाईच्या नऊ बायका आणि प्रत्येकीची कामाची वर्षं.

त्या नऊजणींतली शेवटची माझी मावशी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. एकतीस वर्षं तिने त्या रुग्णालयाच्या चादरी धुतल्या. यादीत आपलं नाव येणार हे कळल्यापासून तिचं आख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. भाजीवालीला तर दोनदा. "छापलेलं हं, हाताने लिहिलेलं नाही," असं ती वर सांगायची. चष्म्याची काडी तुटली होती, तीही तिने दुरुस्त करून आणली, का, तर प्रकाशनाच्या समारंभात सगळ्यांसमोर स्वतः वाचायचं म्हणून.

हे सगळं मी छापखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या मालकांना तेवढं माहीत होतं, कारण त्यांना सगळंच माहीत असतं.

पुस्तकाची सगळी सूत्रं रुग्णालयाच्या अध्यक्षांच्या हातात होती. निवृत्त डॉक्टर, सत्तरी ओलांडलेले, शर्टाची सगळी बटणं लावणारे आणि दुसऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "वाचणारे सगळे माझ्या वयाचे आहेत. अक्षर मोठं हवं आणि ओळी सुट्या हव्यात. त्यात तडजोड नाही." मला ते आवडलं होतं. त्याप्रमाणे मी दोनशे पानं लावली. पानावरची मजकुराची चौकट पंधरा सेंटिमीटर उंच आणि दहा रुंद. अर्धा सेंटिमीटर एका ओळीला, म्हणजे पानावर तीस ओळी.

आणि मग अध्यक्ष कुठल्यातरी लग्नाला जाऊन आले. तिथे कोणीतरी त्यांना एक उंच, सडपातळ पुस्तक दाखवलं. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापखान्यात हजर.

"आपलंही तसंच करू या," ते म्हणाले. "चौकट वीस टक्के उंच करा आणि वीस टक्के अरुंद करा. तुमचं काही बिघडत नाही. एकीकडे वाढलं, एकीकडे कमी झालं. पानं तेवढीच राहतात."

"राहत नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, पुढे चला अशी होती. मी ड्रॉवरमधून कात्री काढली, पंधरा बाय दहाचा एक कागद कापला आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं.

"आधी अरुंद करा. दहाचे वीस टक्के दोन. बाजूने दोन सेंटिमीटरची पट्टी कापा."

त्यांनी कापली. डॉक्टरांचा हात, सरळ कापली.

"पट्टी दोन बाय पंधरा. म्हणजे तीस चौरस सेंटिमीटर गेले. आता उंची वाढवू. पंधराचे वीस टक्के तीन. वर तीन सेंटिमीटरची पट्टी जोडायची. ती किती रुंद हवी?"

"दहा," ते म्हणाले, आणि मग आपल्या हातातल्या कागदाकडे बघून थांबले. "नाही. आठ. आता कागद आठच आहे."

"तीन आठे चोवीस. तीस गेले, चोवीस आले. सहा कमी. वरचा तो दोन बाय तीनचा कोपरा कुणालाच मिळाला नाही. दीडशेतले सहा गेले, म्हणजे चार टक्के."

अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. माणूस हट्टी होता पण अप्रामाणिक नव्हता. "खरंच की," ते म्हणाले. "वाढ आठाच्या अंगावर झाली आणि तूट पंधराच्या अंगावर."

"आधी उंची वाढवून मग कापलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं. अठरा आठे एकशे चव्वेचाळीस."

तेवढ्यात आमचे मालक आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. गिऱ्हाईक नाराज होऊन परत जायला लागलं की त्यांना काचेतून कळतं. त्यांनी पटकन हिशोब केला. "दोनशे पानांचे चार टक्के आठ पानं. आणि आपण सोळा-सोळा पानांचे फर्मे छापतो. तेरा फर्मे म्हणजे दोनशे आठ पानं. शेवटची आठ पानं तशीही कोरीच जाणार होती. ती भरतील. काय ताई, बसतं ना?"

दोघं माझ्याकडे बघत होते. कात्री माझ्या हातात होती, गणितात नुकतीच जिंकले होते, डोकं जरा हवेत होतं.

"बसतं," मी म्हणाले.

ते 'बसतं' माझं. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

त्यानंतर सगळं भराभर ठरलं. तेरा फर्म्यांपुरता कागद नव्या मापात कापून आला. तेरा फर्म्यांची जाडी धरून कव्हर बाहेरून छापून आलं, कण्यावर सोनेरी अक्षरांसकट. मी नवी चौकट आखली, पानावर छत्तीस ओळी, आणि एक-एक प्रकरण ओतत गेले. अरुंद ओळीत शब्द नीट बसत नाहीत, एखादा लांबलचक शब्द पुढच्या ओळीत उडी मारतो आणि मागे भोक पडतं. ती सगळी भोकं मी हाताने बुजवली. बारा दिवस गेले. समारंभाला नऊ दिवस उरले असताना मी दोनशे आठवं पान लावलं आणि यादी संपली नव्हती.

बारा ओळी बाहेर राहिल्या होत्या. मी मोजल्या, परत मोजल्या. बरोबर धुलाईखाना, मथळा आणि त्याच्या वरखालच्या मोकळ्या ओळींसकट. पहारेकरी संपले, पान संपलं, आणि नऊ बायका पुस्तकाच्या बाहेर उभ्या.

आधी वाटलं, कुठेतरी मजकूर दोनदा पडलाय. शोधलं, नव्हता. मग ओळींमधली जागा तपासली, ती ठीक होती. शेवटी मी खुर्ची मागे सरकवली आणि त्या दिवशी अध्यक्षांनी कापलेला कागद काढला. तो मी ठेवून दिला होता, विजयाची खूण म्हणून. त्याच्याकडे बघता बघता माझी मलाच लाज वाटायला लागली.

चार टक्के कमी झाले ते पानाचे. त्यामुळे दोनशे पानांतून जुन्या मापाच्या आठ पानांचा मजकूर बाहेर पडला, इथवर बरोबर. पण तो मजकूर भरायचा कुठे, तर नव्या पानांत, आणि नवी पानंही तेवढीच बारकी! आठ पानांचा मजकूर म्हणजे आठ गुणिले दीडशे, बाराशे चौरस सेंटिमीटर. नवी आठ पानं म्हणजे आठ गुणिले एकशे चव्वेचाळीस, अकराशे बावन्न. अठ्ठेचाळीस चौरस सेंटिमीटर उरले. आठ रुंद आणि अर्धा उंच अशी एक ओळ चार चौरस सेंटिमीटरची. बारा ओळी. चार टक्के कमी झालेलं भरून काढायला चार टक्के पुरत नाहीत, चार आणि एक षष्ठांश लागतात. अध्यक्षांना मी जी चूक दाखवली तिचीच धाकटी बहीण माझ्या शेजारी येऊन बसली होती आणि मी तिला ओळखलं नाही.

मालकांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण ओरडले नाहीत.

"चौदावा फर्मा?" मीच विचारलं.

"कागद नाही. त्या जातीचा पुन्हा यायला तीन आठवडे. आणि कव्हरचा कणा तेरा फर्म्यांचा आहे, पुस्तक त्यात मावायचं नाही." ते म्हणाले. "एक सुटं पान शेवटी चिकटवू. तेवढा कागद निघेल."

"चिकटवलेलं पान सगळ्यात आधी गळतं. तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. वर्षभरात त्या नऊजणी कुणाच्या तरी पलंगाखाली केरात."

"मग ओळी जरा दाटीने बसव."

"मोठं अक्षर, सुट्या ओळी, हे गिऱ्हाइकाने सांगितलंय. आणि बारा ओळींसाठी सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे ताणायचे?"

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, तुझी मावशी आहे म्हणून—"

"मावशी नसती तरी हेच म्हटलं असतं," मी म्हणाले. ते खरं होतं का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आज विचारलं तर, इतक्या जोरात म्हटलं नसतं एवढं कबूल करते.

घरी गेले तेव्हा मावशी धुतलेली चादर घेऊन बसली होती. रुग्णालय सुटून वर्षं झाली, सवय सुटली नाही. "धर गं दुसरं टोक," ती म्हणाली. आम्ही समोरासमोर उभं राहून चादर ओढली. लहानपणापासून हे आमचं रोजचं काम.

"हळू," ती ओरडली. "लांबीला ओढशील तेवढी रुंदीला आखडते. मग पेशंटचे पाय झाकतात आणि कूस उघडी पडते. नव्या पोरींना हेच सांगून सांगून माझा घसा बसायचा."

मी टोक सोडून दिलं. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, उद्या अध्यक्षांकडे जायचंय. बारा ओळींचं तिला सांगायला माझं तोंड उघडेना. तिने चादरीची घडी घातली आणि म्हणाली, "जाताना केस नीट बांध. मोठा माणूस आहे."

सकाळी मी सगळ्या तेरा फर्म्यांचे कच्चे छाप काखेत मारून अध्यक्षांच्या घरी गेले. आमच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर गिऱ्हाइकाने 'छापा' असं लिहून सही करायची, आणि शेजारी पानं लावणाऱ्याने. दोन सह्या झाल्याशिवाय यंत्र फिरत नाही. मी ठरवूनच निघाले होते की धुलाईखाना आत आल्याशिवाय तेराव्या फर्म्यावर माझी सही पडणार नाही. नोकरी गेली तर गेली. एकोणीस वर्षांत एकदा तरी माणसाने अडून बसावं.

अध्यक्षांनी मला त्यांच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसवलं. मी आधी माझी चूक सांगितली, गणितासकट. त्यांनी ती माझ्याहून लवकर समजून घेतली. माणसाने एकदा कागद कापला की पुढचं सोपं जातं.

"अरेरे," ते म्हणाले. "मग शेवटी 'आणि इतर सर्व कर्मचारी' अशी एक ओळ टाका. पहारेकऱ्यांची एखादी ओळ आखडली की ती बसेल. कुणाला राग येणार नाही."

"कुणाला म्हणजे कुणाला?"

"धुलाईवाल्यांना. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या बायका. त्या कुठे वाचायला येणार आहेत?"

मी मावशीचं नाव घेणार होते. जिभेवर आलं होतं. पण घेतलं असतं तर ते एका बाईवर मेहेरबानी करून मोकळे झाले असते आणि बाकीच्या आठजणी बाहेरच राहिल्या असत्या. मी गिळलं.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "आकार बदलला तुम्ही. हिशोब चुकवला मी. यात धुलाईखान्याचा काय संबंध? आपण दोघांनी मिळून बारा ओळींची जागा घालवली, तर ती आपण दोघांनीच द्यायची. तुमच्या प्रस्तावनेत सत्तर ओळी आहेत."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मी पहिला फर्मा उघडून त्यांची प्रस्तावना त्यांच्यासमोर सरकवली आणि वर लाल पेन्सिल ठेवली.

"प्रकरणं सलग आहेत," मी सांगितलं. "इथल्या बारा ओळी निघाल्या की सगळं पुस्तक बारा ओळी वर सरकतं आणि धुलाईखाना शेवटच्या पानावर येतो. दोनशे आठ पानं मी पुन्हा तपासून देते. दोन दिवसांत. ते माझ्याकडे लागलं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तेराव्या फर्म्यावर तुमची सही असेल, माझी नसेल. मालक दुसऱ्या कुणाची घेतील. पण मी करणार नाही."

अध्यक्ष बराच वेळ प्रस्तावना वाचत राहिले. पहिल्या पानावर पेन्सिल उचलली, ठेवली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर येऊन थांबले. तिथे त्यांनी आकार बदलल्यावर एक जुना परिच्छेद काढून त्याच्या जागी, तेवढ्याच ओळींत, पुस्तकाच्या नव्या आकाराबद्दल लिहिलं होतं: हे उंच, सडपातळ पुस्तक वाचकांच्या हाती देताना आपल्याला किती समाधान वाटतं, उंची वाढली तरी मजकुराला धक्का कसा लागलेला नाही, वगैरे. ते वाचून त्यांच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की चीड, सांगता येत नाही. त्यांनी तो परिच्छेद वरपासून खालपर्यंत सरळ खोडला. डॉक्टरांचा हात.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी मोजल्या. "नऊ. तीन हव्यात अजून."

ते पुढे वाचायला लागले. मला ठाऊक होतं की प्रस्तावनेच्या शेवटी काय आहे, कारण मीच ते पान लावलं होतं आणि लावताना जरा जास्त वेळ घेतला होता. शेवटच्या तीन ओळींत छापखान्याचे आभार होते आणि त्यात माझं नाव होतं. पूर्ण नाव. एकोणीस वर्षांत मी किती पुस्तकं लावली याची मोजदाद नाही, त्यातल्या एकातही माझं नाव छापलेलं नव्हतं. मी ते अजून मावशीलाही सांगितलं नव्हतं, समारंभात दाखवणार होते.

मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्या तीन ओळी खोडल्या.

"अहो, ते राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "ते मी मनापासून लिहिलंय."

"मग मनात राहू द्या," मी म्हणाले. "नऊ आणि तीन बारा."

त्यांनी तेराही फर्म्यांवर सह्या केल्या. शेवटच्या फर्म्यावर सही करताना, "उरलेल्या आठजणींपैकी कोणी हयात आहे का, चौकशी करायला सांगतो," असं म्हणाले. आठजणी? मी त्यांच्याकडे पाहिलं. मावशीचं आणि माझं आडनाव वेगळं आहे.

"तुमच्या मालकांनी काल फोन केला होता, मावशीचं सांगायला," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल म्हणून मी वाट बघत होतो."

फर्मे गोळा केले आणि निघाले.

समारंभाला धुलाईखान्यातल्या तिघी आल्या. बाकीच्या राहिल्या नव्हत्या, किंवा सापडल्या नव्हत्या. तिघींना पहिल्या रांगेत बसवलं. मावशीने पुस्तक हातात येताच मागून उघडलं, चष्मा लावला, आणि शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ अगदी तळाशी, तिच्याखाली एका केसाची जागा नव्हती. ती आपलं नाव मोठ्याने वाचत गेली, एक-एक अक्षर, मग वर्षं. शेजारच्या दोघींना वाचून दाखवलं. त्यांचीही वाचली. मग ज्या आल्या नव्हत्या त्या सहाजणींची वाचली.

नंतर तिने पुस्तक पुढून उघडलं आणि पानं उलटायला लागली. प्रस्तावना संपली, तिने मागे जाऊन पुन्हा पाहिलं.

"तुझं कुठाय गं?" तिने विचारलं. "एवढं सगळं तू लावलंस ना?"

"माझं नाहीये, मावशी."

"का?"

"जागा नव्हती."

तिने पुस्तक मिटलं. त्याची उंची बघितली, मग रुंदी, हाताची वीत लावून. चादर बघायची तसं.

"ओढलंय फार," ती म्हणाली. आणि माझा हात आपल्या मांडीवर घेऊन, समारंभ संपेपर्यंत सोडला नाही.